मदत हवी आहे: लीगल रीझनिंगचे उतारे वेळेत होत नाहीत, झाले तर चुकतात

घाईत_सोलापूर
परीक्षा पहिल्या रविवारी आहे. कालच्या मॉकला लीगलमध्ये ३० पैकी २४ सोडवले, त्यातले १३ बरोबर. एका उताऱ्याला ९ मिनिटं लागतात. तीन-तीनदा वाचतो. स्पीड कसा वाढवायचा? प्लीज लवकर सांगा, आणि 'रोज पेपर वाच' असलं काही नको.

अक्कलकोट_नाका
कुठली परीक्षा? सीईटी का क्लॅट? ते सांगितल्याशिवाय काय सांगणार बे.

घाईत_सोलापूर
क्लॅटच. पहिला रविवार म्हटलं की.

वकीलकाका_नवीपेठ
आमच्या वेळी सोपं होतं. वर एक ओळ सिद्धांत, खाली चार ओळी घटना, लावा आणि पुढं चला. त्यामुळे माझा सल्ला एकच: उतारा वाचूच नका, सिद्धांताची ओळ शोधा, बाकी भरताड असतं.

स्नेहल_एमएनएलयू
काका, ते २०१९पर्यंत. २०२०पासून साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा येतो आणि सिद्धांत त्यातच विरघळलेला असतो. मुख्य नियम दुसऱ्या परिच्छेदात आणि अपवाद शेवटच्या ओळीत, असंही असतं. एकच ओळ शोधणारा त्या अपवादात अडकतो.

घाईत, तुझा प्रश्न स्पीडचा वाटत नाही. २४ मध्ये ११ चूक, म्हणजे पाव मार्काच्या दराने २.७५ गेले, हातात १०.२५. चुकलेला एक प्रश्न पर्यायांसकट टाक. आणि तू कुठल्या पर्यायावर खूण केलीस तेही.

घाईत_सोलापूर
मूळ इंग्रजीत आहे, मी आठवून मराठीत लिहितोय.

उताऱ्यातला नियम: स्वतःच्या कामासाठी कुणी धोकादायक वस्तू आपल्या जागेत आणून साठवली आणि ती त्या जागेबाहेर निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर निष्काळजीपणा नसला तरी तो जबाबदार. दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य किंवा नुकसान झालेल्याचीच चूक असेल तर नाही.

घटना: डायहाउसच्या मालकाने ॲसिडची टाकी ठेवलीय, व्हॉल्व्हला कुलूप. रात्री चोराने पितळी तोटीसाठी कुलूप तोडलं, ॲसिड वाहून शेजारच्या डाळिंबाच्या बागेत गेलं. मालक जबाबदार का?

अ) हो, कारण धोकादायक उद्योगाला कुठलाच अपवाद मिळत नाही.
ब) हो, कारण निष्काळजीपणा नसला तरी जबाबदारी येते.
क) नाही, कारण कुलूप लावून त्याने पुरेशी काळजी घेतली होती.
ड) नाही, कारण तिऱ्हाइताच्या कृत्यामुळे ॲसिड बाहेर गेलं.

मी अ केला. दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय ना? क्लासमध्ये शिकवलंय. उत्तर ड दिलंय. कसं काय?

स्नेहल_एमएनएलयू
हाच तुझा आजार. १९८६च्या निकालाबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे, पण तो निकाल या उताऱ्यात नाही. इथे अपवाद स्पष्ट दिलेत. तू उताऱ्यातला नियम बाजूला ठेवून डोक्यातला वापरलास. पेपर काढणाऱ्याने 'अ' खास तुझ्यासारख्या शिकून आलेल्यासाठी ठेवलाय.

आता बाकीचे दोन बघ. 'ब' मध्ये नियम बरोबर आहे, पण अपवादापर्यंत पोचायच्या आधीच थांबलाय. 'क' सगळ्यात लबाड. 'जबाबदार नाही' हे उत्तर बरोबर, कारण चुकीचं. या नियमात काळजी घेतली का नाही याला किंमतच नाही. कुलूप नसतं तरी उताऱ्याच्या शब्दांप्रमाणे उत्तर तेच आलं असतं. कुलूप कशाला लिहिलं? तुला 'क' कडे ओढायला.

म्हणून आधी 'हो' का 'नाही' ते ठरव. त्या बाजूचे दोनच पर्याय उरतील. मग 'कारण'च्या पुढचा भाग उताऱ्यातल्या कुठल्या शब्दावर बसतो तिथे बोट ठेव. बोट ठेवता येत नसेल तर तो पर्याय बाद.

अक्कलकोट_नाका
मी आधी प्रश्न वाचायचो, मग उतारा. दोन मिनिटं वाचतात. करून बघ.

स्नेहल_एमएनएलयू
मला ते कधी जमलं नाही. एका उताऱ्यावर पाच-सहा प्रश्न, प्रत्येकाची घटना वेगळी. उतारा उघडेपर्यंत पहिली घटना विसरलेली असते. मी अडीच मिनिटं उतारा एकदाच वाचायचे, पेन्सिलीने 'आणि', 'किंवा', 'नसेल तर' एवढेच शब्द गोल करायचे. मग प्रश्नाला पाऊण मिनिट. सव्वासहा-सात मिनिटांत उतारा संपायचा.

अक्कलकोट_नाका
मला जमलं, तुला नाही. त्यात नियम कशाला.

सेवानिवृत्त_५८
नमस्कार. मी ५८ वर्षांचा, महिन्यापूर्वी निवृत्त झालो. तीन वर्षांच्या एलएलबीला सोलापुरात प्रवेश घ्यावा म्हणतो. संध्याकाळचे वर्ग असतात का?

घाईत_सोलापूर
काका, वेगळा धागा काढा ना.

त्याच उताऱ्यातला पुढचा. माल आणणारा ड्रायव्हर डायहाउसच्या आत टाकीजवळ उभा होता, नळीतून गळून त्याचा हात भाजला. मी 'जबाबदार' केलं. तेही चूक.

वकीलकाका_नवीपेठ
हे उत्तर चूकच आहे! प्रत्यक्षात ड्रायव्हरला भरपाई मिळेल. मी अशी प्रकरणं चालवली आहेत.

स्नेहल_एमएनएलयू
काका, कोर्टात मिळेल, वेगळ्या आधारावर. पण उताऱ्यात 'जागेबाहेर निसटून' आहे आणि ॲसिड टाकीबाहेर आलं तरी जागेच्या आतच राहिलं. नियमाचा एक तुकडा गळला, म्हणजे *या* नियमाखाली जबाबदारी नाही. ड्रायव्हरच्या हाताचं वाईट वाटलं की घाईत तिथेच फसतो.

वकीलकाका_नवीपेठ
म्हणजे वकील व्हायची परीक्षा आणि कायदा विसरून जायचं. धन्य आहे.

मराठी_मीडियम
पण मग बाहेरचं काहीच वापरायचं नाही? 'तिऱ्हाईत' म्हणजे कोण, हे उताऱ्यात लिहिलं नसेल तर?

घाईत_सोलापूर
तिसरा प्रश्न तोच होता! मालकाच्याच वॉचमनने पगार थकला म्हणून रागाने व्हॉल्व्ह सोडला. मी सोडून दिला. उत्तरात 'जबाबदार' आहे.

स्नेहल_एमएनएलयू
शब्दाचा रोजचा अर्थ वापरावाच लागतो, त्याशिवाय वाचणारच कसं. वॉचमन मालकाचा माणूस, म्हणून तिऱ्हाईत नाही, असं त्यांनी धरलं असावं. पण त्याने हे मालकाविरुद्ध, स्वतःच्या रागाने केलं. उताऱ्यात तिऱ्हाइताबद्दल आणखी एखादी ओळ होती का?

घाईत_सोलापूर
आठवत नाही. पेपर क्लासमध्ये राहिला.

अक्कलकोट_नाका
माझ्या मते वॉचमन तिऱ्हाईतच. उत्तरपत्रिका चूक. क्लासवाल्यांच्या मॉकमध्ये असतंच असं.

स्नेहल_एमएनएलयू
असेलही. ओळ बघितल्याशिवाय मी पैज लावणार नाही. पेपरात असा आला तर मीही एक मिनिट देऊन पुढे गेले असते.

घाईत_सोलापूर
पेपर आणला. तिऱ्हाइताबद्दल एवढंच: 'ज्याच्यावर मालकाचा ताबा नाही असा माणूस'. आता वॉचमनवर ताबा होता का नव्हता ते तुम्हीच ठरवा.

त्या ११ चुका वेगळ्या काढल्या. पाचमध्ये बाजू बरोबर, कारण चूक. चारमध्ये क्लासमधलं ज्ञान वापरलं. दोन इंग्रजीच कळलं नव्हतं. तीनदा वाचायचो ते उतारा आणि डोक्यातला कायदा जुळत नाही म्हणूनच, हे आत्ता लक्षात आलं. रात्री दुसरा उतारा घड्याळ लावून केला, सात मिनिटं दहा सेकंद, पाचपैकी चार बरोबर.

अक्कलकोट_नाका
ताबा पगार देणाऱ्याचा असतो. पगारच थकला तर कसला ताबा बे!

सेवानिवृत्त_५८
वेगळा धागा कसा काढतात?