बाहेरच्या कड्यातल्या नुसत्या रेघा

"नाशिकरोडच्या किराणा दुकानाच्या विक्रीचा सनबर्स्ट, म्हणजे एकाभोवती एक कड्यांचा गोल चार्ट काढला. आत विभाग, मग प्रकार, बाहेर माल. बाहेरचं कडं नुसत्या रेघा दिसतंय. चार्ट मोठा करू का?"

आधी हिशेब बघा. एकूण विक्रीचा 1 टक्का म्हणजे 3.6 अंश. समजा मसाले 20 टक्के, म्हणजे 72 अंश. त्यात हळद दहावा हिस्सा, 7.2 अंश. तिची 100 ग्रॅमची पुडी हळदीच्या विक्रीचा पाव हिस्सा, म्हणजे 1.8 अंश. बाहेरच्या कड्याची त्रिज्या 200 पिक्सेल धरली, तर ही पट्टी जेमतेम 6 पिक्सेल रुंद होते. अक्षराला निदान 12 लागतात, आणि आपल्या वेलांट्या-उकारांना त्याहून जास्त! चार्ट दुप्पट केलात तर ही पुडी कशीबशी वाचता येईल, लवंग-वेलची तशीच राहील.

दुसरी गोम अशी, की अंश तेवढेच असले तरी बाहेरची पट्टी आतल्यापेक्षा लांब दिसते. म्हणून तुलना एकाच कड्यात करा, तीही कोनाची.

माझ्या मते दोनच कडी ठेवा. मसाल्यांवर क्लिक केल्यावर तेवढेच पूर्ण वर्तुळभर पसरतील असं करा. पुडी मग 9 अंशांची होईल. मालामालातला फरकच बघायचा असेल तर सरळ आडवा बार चार्ट घ्या.