सीसीत पीए मॅडम, मग मेल लिहायचा कोणाला?

अक्कलकोट रोड: आमचा टर्किश टॉवेलचा कारखाना आहे. मुंबईच्या एका खरेदीदार कंपनीच्या संचालकांना भेटीसाठी मेल करायचाय. त्यांच्या पीए मॅडमना सीसीत ठेवायला सांगितलंय. मग मजकूर एकट्या साहेबांना उद्देशून लिहायचा की दोघांना?

होटगी रोड: एकट्या साहेबांनाच. मोठा माणूस चार ओळींपुढे वाचत नाही. त्याच मेलमध्ये मॅडमना गाडी-घोड्याचं सांगत बसलात तर साहेबांना ते बरं दिसत नाही. मॅडमना वेगळा मेल टाका.

जुनी फाईल: चार ओळींचं पटलं, वेगळ्या मेलचं नाही. साहेब त्यांच्या मेलला ‘चालेल, या’ म्हणतात आणि मॅडम दुसरा मेल उघडून होकाराची वाट बघत बसतात. होकार आणि तारखा एकाच ठिकाणी हव्यात.

सरकारी पत्राखाली प्रत ‘माहितीस्तव’ की ‘कार्यवाहीस्तव’ हे लिहिलेलं असतं. सीसीत ते दिसत नाही. नाव न घेता नुसतं सीसीत ठेवलं की मॅडम ते माहितीसाठी समजतात, साहेब समजतात मॅडम बघतील, आणि मेल पडून राहतो. म्हणून मेलचे दोन भाग करा. वर साहेबांनी ठरवायचं तेवढंच: भेटायचं की नाही. खाली मॅडमनी जमवायचं ते. दोघांना नावानं हाक. समजा साहेब पाटील आणि मॅडम जोशी:

> विषय: भेटीची विनंती – टॉवेलचे नवे नमुने – २० मिनिटे – १० ते १७ मार्च
>
> मा. पाटील साहेब,
> हॉटेलसाठीच्या टॉवेलचे सहा नवे नमुने दाखवून दरांबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. २० मिनिटे पुरतील. आपली संमती असल्यास वेळ जोशी मॅडमशी बोलून ठरवतो.
>
> जोशी मॅडम,
> साहेबांनी होकार दिल्यास यातली एक वेळ कळवावी:
> मंगळवार १० मार्च, दुपारी २
> शुक्रवार १३ मार्च, दुपारी २
> मंगळवार १७ मार्च, दुपारी २
> या वेळा ५ मार्चच्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवल्या आहेत. आम्ही दोघे येऊ, सोबत नमुन्यांची एक पेटी असेल. गेटवर द्यायची नावे आणि मोबाईल नंबर खाली दिले आहेत. सोलापूरहून येत असल्याने वेळ अलीकडे घ्यायची झाल्यास आदल्या दुपारपर्यंत कळवावे.

शेवटचं वाक्य गाळू नका. मुंबईत बसलेल्या माणसाला दोनची भेट अकरावर आणणं म्हणजे किरकोळ बदल वाटतो. पण सकाळची वंदे भारत मुंबईत साडेबाराच्या पुढे पोचते. अकराला हजर राहायचं तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर धरावी लागते. हे मॅडमना कळायला मार्ग नाही, तुम्हीच सांगायला हवं.

आणि ‘पुढच्या आठवड्यात कधीही’ असं लिहू नका. मेल सोमवारी उघडला की पुढचा आठवडा कुठला? वार आणि तारीख दोन्ही लिहिली म्हणजे एखादी चुकली तरी लगेच दिसते.

दक्षिण कसबा: एवढं लिहिण्यापेक्षा थेट कॅलेंडर इन्व्हाइट पाठवा की. दोघांना जातं, एका क्लिकमध्ये काम.

जुनी फाईल: होकाराआधी नको. आउटलुकमध्ये न विचारता पाठवलेलं इन्व्हाइट साहेबांच्या कॅलेंडरवर ‘टेंटेटिव्ह’ म्हणून जाऊन बसतं. शिवाय मॅडमना त्यात घेतलं तर त्यांच्याही कॅलेंडरवर भेट दिसते, जणू त्याही बसणार आहेत. तारीख ठरल्यावर, मॅडम म्हणाल्या तरच पाठवा. बऱ्याच ठिकाणी त्या स्वतःच पाठवतात.

सात रस्ता: मला जिल्हाधिकारी साहेबांना भेटायचंय, जमिनीचं काम आहे. अर्जावर स्वीय सहाय्यकांचं नाव घालू का?

जुनी फाईल: तुमचा मामला वेगळा. कागदी अर्ज साहेबांच्या पदनामाने करा, आवकला देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्या. भेटीची वेळ स्वीय सहाय्यकांना तोंडी विचारा, विचारताना पोच सोबत ठेवा.

होटगी रोड: दोन भागांचं मान्य. पण साहेबांच्या पत्रात ‘जोशी मॅडम’ अशी वेगळी हाक मला अजूनही खटकते. ‘वेळेबाबत जोशी मॅडमना विनंती’ एवढं पुरे.

जुनी फाईल: जुन्या वळणाच्या ऑफिसात तसं लिहा, हरकत नाही. मात्र नाव ओळीच्या सुरुवातीला येऊ द्या. दिवसभर मेल चाळणारी व्यक्ती आपलं नाव शोधते, वाक्याच्या पोटातलं नाव सुटतं.

होटगी रोड: सुरुवातीला आलं की ती हाकच झाली. असो, ज्याची त्याची पद्धत.

अक्कलकोट रोड: कॅटलॉग ४० पानांचा आहे, जोडू का?

जुनी फाईल: एक पान जोडा: सहा नमुन्यांचे फोटो, माप, जीएसएम. मॅडमना ते छापून भेटीआधी साहेबांच्या टेबलावर ठेवता येतं. अख्खा कॅटलॉग सोबत न्या. आणि उत्तर देताना ‘रिप्लाय ऑल’ दाबायला विसरू नका. साहेबांचं उत्तर आल्यावर नुसतं ‘रिप्लाय’ केलंत की मॅडम त्यातून गळतात, आणि तारीख तर त्यांनाच लिहून घ्यायची असते.