प्रतिसाद: ठिपका सरकतो, कारण GPS मॉड्यूलचे आकडे दशांश अंश नाहीत

"उपग्रह ८ आहेत, फिक्सही १ येतोय, तरी नकाशावर ठिपका १५-१६ किलोमीटर बाजूला पडतो. मॉड्यूल स्वस्तातलं म्हणून का?"

मॉड्यूलला दोष देऊ नका, त्याच्याकडून बरोबर येतंय. मॉड्यूल पाठवतं तशी ही नेहमीच्या उदाहरणातली GGA ओळ बघा:

```
$GPGGA,123519,4807.038,N,01131.000,E,1,08,0.9,545.4,M,46.9,M,,*47
```

4807.038 म्हणजे ४८ अंश आणि ७.०३८ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवायचं: ४८.११७३. नुसता दशांश बिंदू सरकवला तर ४८.०७०३८ येतं आणि ठिपका साधारण ५ किलोमीटर दक्षिणेला जातो. रेखांशात अंशाला तीन अंक असतात, म्हणून 01131.000 चं ११.५१६७ होतं, ११.३१ धरलं तर आणखी १५ किलोमीटर पश्चिमेला. प्रत्येक आकड्यात एकच ठरावीक फरक मिळवायचा उपाय कुणी सुचवला तर त्यानंही भागणार नाही, कारण ही चूक मिनिटांबरोबर वाढत जाते आणि ५९ मिनिटांच्या पुढे अंश बदलला की एकदम शून्यावर येते. चालत्या गाडीचा माग मध्येच उडी मारत असेल तर हेच कारण समजा.

E नंतरचा 1 म्हणजे साधा फिक्स, म्हणजे जागा सापडली. 0 असेल तर ती ओळ सोडून द्या. त्यापुढे उपग्रहांची संख्या, मग HDOP, म्हणजे उपग्रहांच्या मांडणीमुळे आडव्या जागेत किती चूक वाढते त्याचा आकडा, कमी तेवढा चांगला, इथला 0.9 उत्तम आहे. वेग मात्र GGA मध्ये नसतोच. तो RMC नावाच्या वेगळ्या ओळीत, नॉटमध्ये येतो, तेव्हा तिथे 022.4 आलं तर त्याला १.८५२ ने गुणा, ताशी ४१.५ किलोमीटर. तिथेही आधी A, म्हणजे माहिती वैध, आहे ना बघा. V असेल तर वेगावर विसंबू नका.