मदत हवी आहे: बँक खातं निवासीचं अनिवासी करण्याचं पत्र जरा तपासून द्याल का?

नेकरकाठ

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवरा नोकरीसाठी स्टुटगार्टला आला, दोन महिन्यांनी मी आणि लेक आलो. भारतातली खाती मात्र "पुढच्या फेरीत बघू" म्हणत तशीच राहिली. आता बँकेने नव्याने केवायसी मागितली आहे. त्यात निवासाची स्थिती विचारली आहे आणि तिथे खोटं लिहायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

तीन खाती आहेत, तिन्ही एकाच बँकेत. पहिलं नवऱ्याचं एकट्याचं बचत खातं, पुण्याच्या शाखेत, त्याला जोडून ६ लाखांची मुदत ठेव आहे. दुसरं माझं, लग्नाच्या आधीपासूनचं. तिसरं साताऱ्याच्या शाखेत सासूबाईंचं. पहिलं नाव त्यांचं, दुसरं नवऱ्याचं, आणि त्यांची फॅमिली पेन्शन त्यातच जमा होते. फोनवर बँकेतल्या मुलाने सांगितलं, "साहेबांचं नाव जिथे जिथे आहे ती सगळी खाती एनआरओ होणार." एनआरओ म्हणजे अनिवासी माणसाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं. तेव्हापासून सासूबाई रोज विचारतात, "माझी पेन्शन अडकणार नाही ना गं?" मला त्यांना ठाम उत्तर देता येत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

पत्राचा मसुदा असा केलाय, पक्का झाला की इंग्रजीत करेन:

"महोदय, आम्ही सहकुटुंब जर्मनीत स्थायिक झालो आहोत. तरी आमची सर्व खाती अनिवासी करून मिळावीत. सोबत पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती जोडल्या आहेत."

काही राहिलंय का?

दुबईकर

घाई करू नका. आर्थिक वर्षातले भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी झाल्याशिवाय तुम्ही अनिवासी होतच नाही, तो हिशोब आधी करा. आणि एनआरओ कशाला? सरळ एनआरई करून टाका, व्याजावर भारतात कर नाही. मी तेच केलं.

जुना_खातेनीस

मी बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो. अशी पत्रं वाचण्यातच नोकरीची बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

दुबईकर, तुमचा १८२ दिवसांचा हिशोब प्राप्तिकराचा आहे. खातं कोणत्या प्रकारचं हवं हे परकीय चलनाचा फेमा कायदा ठरवतो. त्यात माणूस नोकरीसाठी देश सोडतो त्या दिवसापासून तो अनिवासी धरला जातो, दिवस मोजत बसायचं नाही. पत्नी किती काळासाठी चालली हे ठरलेलं नसताना राहायला गेली, तर तिचंही तसंच. एनआरईच्या व्याजाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण निवासी खात्याचं एनआरई होत नाही. निवासी खात्याचं एनआरओच होतं. एनआरई नवं उघडायचं आणि त्यात परदेशातली कमाई पाठवायची. तुम्हीही बहुधा नवंच उघडलं असणार, आठवून बघा.

आता ताई, तुमचं पत्र. "आमची सर्व खाती" हे तीन शब्द आधी खोडा. हे पत्र शाखेतून मध्यवर्ती विभागात जातं. तिथला माणूस तुम्हाला ओळखत नाही, तो पत्रात लिहिलंय तेवढंच करतो. "सर्व" वाचलं की तुमच्या यजमानांच्या ग्राहक क्रमांकाखाली दिसणारं प्रत्येक खातं तो बदलेल, सासूबाईंचंसुद्धा.

त्या खात्याला हात लावायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार निवासी माणसाच्या बचत खात्यात जवळचा अनिवासी नातेवाईक "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" या पद्धतीने दुसरा खातेदार राहू शकतो. पहिलं नाव आईचं, पैसा आईचा, म्हणून खातं निवासी. मुलाने त्यातून व्यवहार करायचा तो आईच्या वतीने, आईसाठी. स्वतःचा पैसा त्यात ठेवायचा नाही. उद्या आईच्या माघारी ते खातं मुलाकडे आलं, तर मात्र ते एनआरओ होईल. आईचं खातं आत्ता निवासीच ठेवावं, हे पत्रात स्पष्ट लिहा. फोनवरचा मुलगा चुकला, पण दोष त्याचा एकट्याचा नाही. समोरच्या पडद्यावर त्याला फक्त नाव जुळलेलं दिसतं.

नेकरकाठ

काका, तुमचा निरोप सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. "त्यांना माझा नमस्कार सांग" म्हणाल्या.

पण "स्वतःचा पैसा ठेवायचा नाही" वाचून धस्स झालं. नवऱ्याच्या नावावरच्या आमच्या हडपसरच्या फ्लॅटचं भाडं आम्ही सोयीसाठी त्यांच्याच खात्यात घेतो.

जुना_खातेनीस

ते थांबवा. फ्लॅट तुमच्या यजमानांचा, म्हणजे भाडंही त्यांचं. एनआरओ खातं असतं ते अशाच भारतातल्या उत्पन्नासाठी. खातं बदललं की भाडेकरूला नवा तपशील द्या. घरमालक अनिवासी असला की टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते, तेही त्याला आत्ताच सांगा, नाहीतर पुढे त्याच्या मागे नोटिसा लागतील. आईंना खर्चाला पैसे द्यायचे असतील तर एनआरओमधून त्यांना द्या, त्याला हरकत नाही.

परतीची_वाट

भारतात परत येताय का? मग मी अमेरिकेतून परत आले तेव्हाचा अनुभव सांगते. आल्या आल्या एनआरओचं निवासी करून घ्या, आणि डॉलर ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडा.

नेकरकाठ

नाही हो, आम्ही उलट्या दिशेने चाललोय. निवासीचं अनिवासी करायचंय.

परतीची_वाट

अगं हो, शीर्षक घाईत वाचलं. तरी एक सांगते, माझ्या वेळी खातं बदलताना क्रमांकही बदलला होता. जुन्या क्रमांकावर विम्याचा हप्ता आपोआप जायचा तो परत गेला आणि मला कळलं दोन महिन्यांनी. पत्र पाठवायच्या आधी गेल्या वर्षभराचं खाते-उताऱ्याचं पान काढून बसा आणि कोणता हप्ता, कोणती एसआयपी कुठून जाते ते कागदावर लिहून काढा.

नेकरकाठ

हे आजच करते. मुदत ठेवीचं काय होईल? मोडावी लागेल का?

जुना_खातेनीस

मोडू नका. ठेव ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालू राहते, फक्त तिच्यावर एनआरओचा शिक्का बसतो. फरक पडतो तो टीडीएसमध्ये. समजा ७ टक्के दर आहे, तर ६ लाखांवर वर्षाला ४२,००० रुपये व्याज. एनआरओवर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के कापतात. १३,१०४ रुपये गेले. भारत-जर्मनी करारात व्याजावर १० टक्क्यांची मर्यादा आहे, त्याप्रमाणे ४,२०० च जायला हवेत. पण हा लाभ बँक आपणहून देत नाही. तिथल्या कर कार्यालयाचा रहिवासी दाखला आणि त्यासोबतचा ठरलेला फॉर्म दरवर्षी द्यावा लागतो. तो दिला नाही तरी पैसे बुडत नाहीत. भारतातलं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून कापलेला कर परत मिळतो. तुमचं भाडं धरून काय होतं ते सीएकडून बघून घ्या. जर्मनीच्या विवरणपत्रातही हे व्याज दाखवायचं असतं, ते विसरू नका.

दुबईकर

आणि २०२२ पासून बँकेने निवासी समजून कमी टीडीएस कापला, त्याचं काय?

जुना_खातेनीस

यावर मी छातीठोकपणे सांगणार नाही. मागच्या विवरणपत्रांत स्थिती अनिवासी लिहिली होती की निवासी, यावर सगळं अवलंबून आहे. ती विवरणपत्रं समोर ठेवून सीएच सांगू शकेल.

विद्या_म

नेकरकाठ, तुझं खातं "लग्नाच्या आधीपासूनचं" म्हणतेस, म्हणजे माहेरच्या नावाने आहे का? आणि पासपोर्ट?

नेकरकाठ

खातं माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. पॅनही माहेरच्याच नावाने आहे.

विद्या_म

मग इथेच अडकशील. माझे कागद यावरूनच परत आले होते. वर पेन्सिलने बारीक अक्षरात "नाव जुळत नाही" एवढंच लिहिलेलं. सरकारी विवाह नोंदणीचा दाखला जोड आणि पत्रात दोन्ही नावं लिही. सही मात्र बँकेत आहे तीच, जुन्या नावाची कर. मी सवयीने नवी सही केली आणि तेवढ्यासाठी सगळं पुन्हा पाठवावं लागलं. पॅन आधी बदलायचं की नंतर, यावर मला दोन शाखांनी दोन उत्तरं दिली. तू तुझ्या शाखेला लेखी विचार.

अजून एक. माझ्या कागदांवर इथल्या जर्मन नोटरीचा शिक्का होता, मजकूर सगळा जर्मनमध्ये. तिकडे कोणाला वाचता येईना. शेवटी म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून प्रती साक्षांकित करून घेतल्या. आनमेल्डुंगचा, म्हणजे इथल्या पत्ता-नोंदणीचा, कागद पत्त्याचा पुरावा म्हणून देशील तर त्याचं इंग्रजी भाषांतर जोड.

जुना_खातेनीस

विद्याताईंनी मोलाचं सांगितलं. नोटरी नियमात चालतो, पण वाचता न येणारा शिक्का कोणी पास करत नाही. दोघांची पत्रं वेगवेगळी हवीत, कारण बँकेत दोघांच्या फायली वेगळ्या असतात. यजमानांचं असं लिहा:

"महोदय,
मी नोकरीनिमित्त दिनांक … ऑक्टोबर २०२२ रोजी भारत सोडला असून त्या दिवसापासून जर्मनीत राहत आहे. फेमा कायद्यानुसार मी अनिवासी आहे. तरी माझे एकट्याचे बचत खाते क्र. … आणि त्याला जोडलेली मुदत ठेव क्र. … एनआरओ म्हणून वर्ग करावी. ठेव मुदतीपूर्वी मोडू नये.
आपल्या सातारा शाखेतील खाते क्र. … मध्ये माझी आई प्रथम खातेदार असून ती भारतात राहते. मी तिचा जवळचा नातेवाईक म्हणून दुसरा खातेदार आहे. ते खाते निवासीच ठेवावे, त्यात बदल करू नये.
खाते क्रमांक बदलणार असल्यास बदलण्यापूर्वी खालील ईमेलवर कळवावे, म्हणजे हप्त्यांची व्यवस्था करता येईल.
सोबत: पासपोर्ट, निवास परवाना व परदेशातील पत्त्याचा पुरावा यांच्या साक्षांकित प्रती, पॅनची प्रत, छायाचित्र, जर्मन कर क्रमांकासह एफएटीसीए-सीआरएस घोषणापत्र."

"स्थायिक" शब्द मुद्दाम काढला. तो वाचून नागरिकत्व बदललं की काय, असा प्रश्न येतो आणि पत्र टेबलावर पडून राहतं. बँकेचा छापील अर्ज वेगळा असतो, तोही भरा. त्या अर्जात "सर्व खाती" अशी चौकट असेल तर तिच्यावर खूण करू नका, खाते क्रमांक हाताने लिहा.

नेकरकाठ

काका, विद्या, काय बोलू! दोन्ही पत्रं तयार केली. माझी सही मात्र जमेना. बारा वर्षांत ती सही केलेलीच नाही. जुन्या चेकबुकातला एक रद्द चेक सापडला, तो समोर ठेवून वहीच्या दोन पानांवर गिरवली तेव्हा कुठे हात बसला. दूतावासाची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. त्यानंतर एक संच पुण्याला, आणि तिसऱ्या खात्याबद्दलच्या परिच्छेदाची प्रत सातारा शाखेला. सासूबाई ती स्वतः नेऊन देणार म्हणतात, पोच घेऊनच परत येईन म्हणाल्या.

जुना_खातेनीस

पोच घेताना शिक्का आणि तारीख दोन्ही बघायला सांगा. नुसत्या सहीची पोच नंतर कोणी मानत नाही.