हिरायथ म्हणजे नॉस्टॅल्जियाच ना? की खरंच वेगळं काही आहे?

कट्ट्यावरचा_पाहुणा
सारखी एक रील समोर येतेय, हिरायथ नावाचा वेल्श शब्द, अर्थ काय तर "जिथे परत जाता येत नाही, किंवा जे कधी नव्हतंच, अशा घराची ओढ". खाली सगळे रडायचे इमोजी टाकतायत. मला तर हा सरळ नॉस्टॅल्जिया वाटतो, पॅकिंग तेवढं नवीन. कुणाला वेगळं वाटत असेल तर कारण सांगा, उगाच भावूक होऊ नका.

खवचट_काका
+१. "याचं भाषांतरच होत नाही" असं म्हटलं की लगेच कॉफीचा मग विकता येतो, मेणबत्ती विकता येते, हातावर टॅटू पण काढता येतो. माणूस आहे, गाव सुटतं, जीव कासावीस होतो, झालं. वेल्सच्या लोकांचं काळीज काय वेगळ्या कारखान्यात बनतं का?

कोकणचो_झील
अहो एवढा कसला विचार करताय, गणपतीक घराक जावा, सगळा बरा होतला. मी दरवर्षी एसटीचं बुकिंग उघडलं रे उघडलं की बसतो लॅपटॉपसमोर, रजा मिळो न मिळो. गाव सोडून राहिलं की असं होतंच, त्याला शब्द कशाला पाहिजे.

पाऊसवाली_कार्डिफ
मी बरीच वर्षं इकडे वेल्समध्येच आहे, पोरांना शाळेत वेल्श आहे (इथे सोळाव्या वर्षापर्यंत शिकावंच लागतं), त्यामुळे हा शब्द घरात येता जाता ऐकू येतो म्हणून लिहितेय. त्या रीलमधला "जे घर कधी नव्हतंच" हा भाग मी तरी कुठल्या वेल्श बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकलेला नाही, ते बाहेरच्यांनी चिकटवलेलं वाटतं. इथे पोरगं शाळेच्या कॅम्पला जातं, दुसऱ्या रात्री आईची आठवण येऊन उशीत तोंड खुपसून रडतं, तर मास्तर म्हणतात त्याला हिरायथ झालाय. शुक्रवारी घरी आलं की संपलं. कुणी गेलं की पेपरातल्या निधनाच्या छोट्या जाहिरातीत पण हाच शब्द असतो. म्हणजे जिवंत आईसाठी पण चालतो आणि वारलेल्या माणसासाठी पण.

तेव्हा काका, मगच्या बाबतीत तुम्ही बरोबर. पण म्हणून तो नॉस्टॅल्जिया होत नाही. आणि गंमत म्हणजे कोकणच्या भाऊंनी जो उपाय सांगितलाय ना, तोच खऱ्या जुन्या नॉस्टॅल्जियाचा उपाय होता. हा शब्द मुळात डॉक्टरी आहे. योहानेस होफर नावाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला प्रबंध लिहिला त्यात तो घडवला, रोगाचं नाव म्हणून. त्यात एक केस आहे, बर्नचा मुलगा बाझेलला शिकायला आलेला, ताप, झोप नाही, अन्न जात नाही, मरायला टेकला. शेवटी म्हणाले घरी न्या. आणि घरी न्यायची तयारी सुरू झाली तसा त्याला उतार पडायला लागला, बर्नला पोचायच्या आतच बरा! कारण बर्न जागेवर होतं. नॉस्टॅल्जियाचा अर्थ तेव्हा हा होता, जागेची ओढ, औषध काय तर तिकडे जाणं. तो जागेवरून सरकून काळावर आला ते फार नंतर, आता आपण दूरदर्शनची जुनी सिग्नेचर ट्यून ऐकून म्हणतो तो.

खवचट_काका
@पाऊसवाली म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे नॉस्टॅल्जिया पण घराचीच ओढ आणि हिरायथ पण घराचीच ओढ. मग मी वेगळं काय म्हणालो?

इतिहासवेडा_९१
काका फरक आहे, हिरायथ हा धरणातून आलेला शब्द आहे. लिव्हरपूल शहराला पाणी पाहिजे होतं म्हणून ट्रवेरिनचं खोरं बुडवलं, त्यात कापेल केलिन नावाचं अख्खं गाव गेलं, शाळा, पोस्ट, चॅपल, शेतं सगळं. 1957 ला लंडनच्या पार्लमेंटात बिल पास झालं, वेल्सच्या 36 पैकी 35 खासदारांनी पाठिंबा दिला नाही, तरी पास! 1965 ला तलावाचं उद्घाटन. तेव्हापासून हिरायथ म्हणजे बुडालेल्या घराची ओढ. नॉस्टॅल्जियात घर असतं, हिरायथमध्ये घर नसतं, इतकं सोपं आहे.

पाऊसवाली_कार्डिफ
@इतिहासवेडा ट्रवेरिनचं सगळं बरोबर, पण शब्द त्यातून आलेला नाही हो, मध्ययुगातल्या वेल्श शोककवितांत तो आहेच, राजा पडला, वाडा ओसाड पडला, त्यावर. धरणाने शब्द दिला नाही, त्या शब्दाला विसाव्या शतकातलं एक ठिकाण दिलं म्हणा हवं तर. आणि घर आहे की नाही यावर फरक ठरवलात तर कॅम्पमधल्या पोराचं काय करणार, त्याचं घर तर आहे.

मला विचाराल तर ट्रवेरिनपेक्षा एपिंट बघा, त्याबद्दल बाहेर कमी बोललं जातं. मध्य वेल्समधला डोंगराळ माळ, मेंढ्या पाळणारी वेल्श बोलणारी घरं. 1940 मध्ये युद्धखात्याने तोफांच्या सरावासाठी घेतला, 54 घरं, 219 माणसं, काही महिन्यांची मुदत. बऱ्याच जणांची समजूत अशी की लढाई संपली की परत यायचंय. एक शेतकरी तर मध्येमध्ये परत येऊन आपल्या रिकाम्या घरातली चूल पेटवून जायचा, भिंतींना ओल धरू नये म्हणून. एक दिवस आला तर घर सुरुंगाने उडवलेलं. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, आता यायची गरज नाही.

वेल्श म्युझियमचे यॉर्वर्थ पीट तेव्हा घरांची नोंद करायला फिरत होते, त्यांना एका अंगणात एक म्हातारी खुर्ची टाकून डोंगराकडे बघत बसलेली दिसली, डोळ्यांतून पाणी. तिने विचारलं कुठून आलात, हे म्हणाले कार्डिफहून. तर म्हणाली लवकरात लवकर परत जा, इथे जगाचा शेवट झालाय.

आता बघा, एपिंट बुडालेला नाही. डोंगर तोच, ओढे तेच, चॅपलच्या जागेशेजारी कबरी आहेत. जमीन अजून लष्कराकडेच आहे, आणि पुढे त्यांनी घराघरात शिरून लढायचा सराव करायला तिथेच एक खोटं गाव बांधलं, भिंती आहेत, छपरं आहेत, राहणारं कुणी नाही. होफरच्या मुलाला तुम्ही गाडीत घालून तिथे नेलंत तर त्याला उतार पडेल का? उलट वाढेल. माझ्या डोक्यात फरक इथे आहे, तिथे जाऊन उभं राहिल्यावर तो कमी होतो की वाढतो.

भीमाकाठ
वाचून राहवलं नाही. आमच्या आजोबांचं घर उजनीत गेलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, पुण्याहून गाड्या भरून लोक येतात, ड्रोन उडवतात, कणसं खातात. आम्ही भावंडं हौसेने म्हणायचो आजोबा चला दाखवा तुमचं गाव. ते एकदाही आले नाहीत. म्हणायचे ते देऊळ आहे, गाव नाही. गावाचा विषय ते स्वतःहून काढायचे नाहीत, पण पाण्याच्या लेव्हलची बातमी पेपरात आली की चष्मा लावून दोनदा वाचायचे. याला नॉस्टॅल्जिया नाही म्हणवत, नॉस्टॅल्जिया आम्हाला होता, ज्यांनी ते गाव बघितलेलंच नाही. मस्त वाटायचं आम्हाला देऊळ बघून, खोटं कशाला बोलू.

कट्ट्यावरचा_पाहुणा
@भीमाकाठ हे पटलं. म्हणजे नॉस्टॅल्जियात थोडी मजा असते, माणूस मुद्दाम जुनी गाणी लावून बसतो. मुद्दाम हिरायथ लावून बसलोय असं कोण म्हणेल.

पाऊसवाली_कार्डिफ
@पाहुणा हो, आणि बोलण्यात पण तसंच आहे. "मी हिरायथ करतो" असं सहसा म्हणत नाहीत, तो माझ्या "अंगावर" आहे असं म्हणतात, सर्दी आणि भीती जशी अंगावर असते अगदी त्याच वाक्यात. आलेली असते, तुम्ही आणलेली नसते. फक्त असं समजू नका की हिरायथमध्ये गोडवा अजिबात नसतो, गाण्याबिण्यात भरपूर असतो, रग्बीच्या मॅचला तर विचारूच नका.

खवचट_काका
घ्या, म्हणजे परत गोडवा आलाच. बरं ते जाऊ दे, माझा खरा प्रश्न वेगळा आहे. अॅबरिस्टविथच्या जवळ रस्त्याकडेला एका पडक्या भिंतीवर "ट्रवेरिन लक्षात ठेवा" असं साठच्या दशकात कुणीतरी रंगवलंय, मी पण वाचलंय थोडं. 2019 मध्ये ती भिंत कुणीतरी थोडी पाडली, तर पोरांनी ती उभी केली आणि वेल्सभर शेकडो ठिकाणी तेच वाक्य रंगवलं. ही विशीतली पोरं. यांनी कापेल केलिन बघितलं नाही, यांच्या आजीचं पण तिथलं घर नसेल. यांचं हे काय म्हणायचं? भीमाकाठच्या हिशेबाने हा नॉस्टॅल्जिया झाला.

इतिहासवेडा_९१
नाही नाही, तो राग आहे. लिव्हरपूलने 2005 मध्ये माफी मागितली, ती पण चाळीस वर्षांनी. राग येणारच.

पाऊसवाली_कार्डिफ
राग आहेच, पण नुसता राग असता तर "लक्षात ठेवा" कशाला लिहिलं असतं, शिव्या लिहिल्या असत्या. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एकीने ते वाक्य दप्तरावर लिहिलंय, तिच्या घरी इंग्लिशच बोलतात. तिला त्या गावापेक्षा त्या गावात बोलली जायची ती भाषा हवी आहे असं मला वाटतं, जी तिच्या पणजीला येत होती आणि तिला शाळेतल्या पुस्तकातून शिकावी लागतेय. आता ही हरवलेली जागा म्हणायची का, मला माहीत नाही, पण ती स्वतः त्याला हिरायथच म्हणते आणि तिला कोण अडवणार.

खवचट_काका
तिला नाही अडवत. पण मग रीलवाल्याला पण कसं अडवणार, तो पण हेच म्हणतोय ना, न बघितलेल्या घराची ओढ.

भीमाकाठ
काका, त्या पोरीच्या पणजीची भाषा होती. रीलवाल्याचं काय गेलंय ते आधी विचारा त्याला.

कोकणचो_झील
माझा आपला एकच प्रश्न, तो चूल पेटवायला येणारा माणूस, त्याला दुसरं घर तरी दिलं का सरकारने?