पोस्टडॉकसाठी प्रयोगशाळाप्रमुखांना पाठवायचा ईमेल : मसुद्यावर सल्ला हवा आहे

पाझर : नमस्कार. बेसाल्ट खडकातील भूजलावरचा माझा प्रबंध नुकताच मान्य झाला असून जर्मनीतील एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांना पोस्टडॉकसाठी लिहायचे आहे. त्यांचा गट ग्रॅनाइटच्या भेगांमधून पाणी कसे वाहते हे पाण्यात ट्रेसर, म्हणजे माग काढता येईल असा पदार्थ, मिसळून मोजतो. मी पुणे जिल्ह्यातील ४१ विहिरींच्या पाण्यातील ऑक्सिजन आणि हायड्रोजनची समस्थानिके दोन वर्षे मोजली. ईमेल इंग्रजीतच जाईल, आशय मात्र इथे मराठीत देतो. सुरुवात अशी आहे : "आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. माझ्या प्रबंधात भूजल पुनर्भरणाचा सखोल अभ्यास केला आहे." पुढे चारही प्रकरणांचा सारांश आहे आणि एकूण शब्द ८५० झाले आहेत. काय गाळावे?

वाटसरू_७ : फेलोशिप स्वतः आणणार असल्याचे पहिल्याच ओळीत लिहा. त्यांना पगार द्यावा लागत नसल्यामुळे होकार लगेच मिळतो. हुंबोल्ट आणि मारी क्युरी या दोन्ही फेलोशिपसाठी वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो.

कातळ : हुंबोल्टबाबत हे बरोबर आहे, मारी क्युरीबाबत नाही, तिथे वर्षातून एकदाच अर्ज मागवले जातात आणि मुदत साधारणपणे सप्टेंबरात संपते. शिवाय यजमानाला खर्च नसला तरी श्रम असतात, कारण हुंबोल्टसाठी त्याला स्वतःचे सविस्तर मत लिहून द्यावे लागते आणि जिचे काम त्याला नीट समजलेले नाही अशा व्यक्तीसाठी ते लिहिणे अवघड जाते. म्हणून फेलोशिप शेवटच्या परिच्छेदात असावी.

पाझर, तुमची पहिली दोन्ही वाक्ये जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला पाठवता येतील. मी अनेक वर्षे असे ईमेल वाचत आलो आहे, आणि असे वाक्य दिसले की पुढचे मी वाचत नाही. चार प्रकरणांऐवजी एकच निष्कर्ष आकड्यासह द्या. तुमचा सर्वांत ठाम निष्कर्ष कोणता, आणि प्रबंधात काय जमले नाही?

रसायनी : मी पीएच.डी.च्या प्रवेशासाठी तीस ईमेल पाठवले होते, दोघांनीच उत्तर दिले. शिफारसपत्रे सोबत जोडावीत का? माझ्या मार्गदर्शकांना पत्र लिहायला दोन महिने लागले होते.

कातळ : रसायनी, पीएच.डी. प्रवेशाचा मार्ग वेगळा असतो. पोस्टडॉकच्या पहिल्या ईमेलला पत्रे जोडू नयेत. परिचयपत्राच्या शेवटी दोन-तीन संदर्भदात्यांची नावे पुरतात. मात्र त्यांना आधी विचारून ठेवावे, कारण यजमान थेट फोनही करतो.

पाझर : ठाम निष्कर्ष असा की, पाझर तलावापासून साधारण ३०० मीटरपर्यंतच्या विहिरींत उन्हाळ्यात बाष्पीभवन झालेल्या पाण्याची खूण, म्हणजे जड ऑक्सिजनचे वाढलेले प्रमाण, स्पष्ट दिसते, त्यापलीकडे ती दिसत नाही. भेगांची दिशा मात्र मला मोजता आली नाही. त्यामुळे तलावापासून सारख्याच अंतरावरच्या दोन विहिरी वेगळ्या का वागतात, हे प्रबंधात अनुत्तरित राहिले. ही उणीव लिहिली तर अर्ज कमकुवत ठरेल असे वाटून मी ती गाळली होती.

कातळ : तुमचा ईमेल तिथूनच सुरू व्हायला हवा. असे काहीसे लिहा : "पाझर तलावाचे पाणी विहिरींपर्यंत पोहोचते हे मी समस्थानिकांवरून दाखवू शकलो, पण कोणत्या भेगेतून पोहोचते हे सांगू शकलो नाही. आपल्या गटाची ट्रेसरची पद्धत नेमके हेच मोजते. ग्रॅनाइटमधील आपले प्रयोग नियंत्रित प्रवाहात झाले आहेत. पावसाळा आणि उन्हाळा यांत पाण्याची पातळी कित्येक मीटर बदलते अशा खडकात ती पद्धत टिकते का, हे माझ्या विहिरींवर तपासता येईल." त्यांच्याकडे काय आहे, तुमच्याकडे काय आहे आणि दोन्ही एकत्र आल्यावर कोणता प्रश्न सुटेल, हे यात वाचणाऱ्याला दिसते. ईमेल ३०० शब्दांत बसवा आणि परिचयपत्र दोन पानांचे ठेवा.

त्याआधी एक गोष्ट तपासा. त्यांच्या अलीकडच्या शोधनिबंधातील आभारात अनुदान कोणाचे आहे ते पाहा. जर्मन संशोधन परिषदेचे असेल तर तिच्या गेप्रिस या प्रकल्पसूचीत आणि युरोपीय संघाचे असेल तर त्याच्या कॉर्डिस या सूचीत प्रकल्पाचा कालावधी सापडतो. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर "चालू प्रकल्प" म्हणून दिसणारे काम कधीकधी दोन वर्षांपूर्वीच संपलेले असते.

वाटसरू_७ : मारी क्युरीची दुरुस्ती मान्य. पण उणीव पहिल्याच परिच्छेदात लिहिण्याशी मी अजूनही सहमत नाही. ज्या प्रमुखाला तुमची ओळख नाही, तो आधी प्रकाशने पाहतो. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर स्मरणपत्र जरूर पाठवा.

कातळ : स्मरणपत्र एकदाच, त्याच ईमेलखाली. प्रकाशनांबाबत विषयानुसार फरक पडतो हे मान्य आहे. क्षेत्रकार्याच्या विषयांत मी तरी आधी प्रश्नच पाहतो.

पाझर : आत्ताच गेप्रिसवर पाहिले. ज्या प्रकल्पाचे नाव मी मसुद्यात तीनदा घेतले होते त्याचे अनुदान गेल्या वर्षीच संपले आहे. त्यामुळे जागेची विचारणा काढून टाकतो आणि हुंबोल्टसाठी यजमान व्हाल का, एवढेच विचारतो. तलाव-विहिरींवरचा निबंध अजून परीक्षणाखाली आहे. त्याची प्रत जोडावी की सहलेखकांची परवानगी मिळेपर्यंत थांबावे?