प्रतिसाद: अंडी नव्हे, आधी गोळ्यांचं विचारा

«भाचा लालबागच्या जिममध्ये जातो. रोज सहा अंडी, दोन स्कूप व्हे. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १९१, एचडीएल १९, एलडीएल १५०. अंडी बंद करायला सांगू का?»

एकूण आकडा २०० च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खरी गोष्ट त्या १९ मध्ये आहे: एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, आणि ते फारच कमी आहे. पिवळ्या बलकाने काहींचं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, पण अंड्यांनी किंवा व्हेने एचडीएल इतकं कोसळत नाही. व्यायाम करणाऱ्या तरुण मुलात असा आकडा दिसला की पहिला संशय स्नायू वाढवायला तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडवर जातो, विशेषतः स्टॅनोझोलोलवर. ही गोळी यकृतातलं हिपॅटिक लायपेज वाढवते आणि ते एन्झाइम एचडीएलचा फडशा पाडतं. १९८९ मधल्या एका छोट्या अभ्यासात वेटलिफ्टरना रोज ६ मिलिग्रॅम स्टॅनोझोलोल दिल्यावर सहा आठवड्यांत एचडीएल ३३ टक्के घटलं, एलडीएल २९ टक्के वाढलं. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने एचडीएल ९ टक्केच घटलं होतं. जिममधले डोस याहून बरेच मोठे असतात.

त्याला न रागावता विचारा. बिनलेबलच्या डब्यातलं ‘सप्लिमेंट’ही दाखवायला सांगा, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. घेत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा, कारण शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन दबलेलं असतं. एचडीएल बहुधा काही महिन्यांत सावरतं. स्टेरॉइडने हृदयाच्या स्नायूवर परिणाम झाला असेल तर त्याचं तसं खात्रीने सांगता येत नाही, म्हणून रक्तदाब, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, आणि टूडी इको आत्ताच करून घ्या.